वस्तीवरच्या अठ्ठावीस कोऱ्या चौकटी

एकाच रकान्यातून मला दोन सरासऱ्या मिळाल्या. एक ८५० रुपये, दुसरी ३४०. गाव तेच, फॉर्म तेच, रकानाही तोच. पहिल्या वेळी शीटने कोऱ्या चौकटी आपणहून सोडून दिल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी मी त्यांत शून्य भरून पाहिलं होतं, एवढाच काय तो फरक.

गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, पर्जन्यछायेतलं. मे महिन्यात कॉलेजच्या मुलामुलींनी तिथली २४० घरं फिरून पाण्याचा सर्व्हे केला. कागदी फॉर्म होते, नंतर सगळ्यांनी बसून एंट्री केली आणि शीट माझ्याकडे आलं. अकरावा प्रश्न होता, ‘गेल्या महिन्यात पाणी विकत घेतलं का?’ आणि बारावा, ‘घेतलं असल्यास किती रुपये खर्च झाला?’ सरपंचबाईंना ग्रामसभेत वाचायला एक पान हवं होतं. टँकरच्या जादा खेपा कुठे मागायच्या, हे त्या सभेत ठरणार होतं. फोनवर त्या म्हणाल्या, “मॅडम, घरटी महिन्याला किती जातात, तेवढं एक वाक्य द्या. बाकीचं मी बोलते.”

ते वाक्य मला देता येईना. बाराव्या प्रश्नाच्या रकान्यात २४० पैकी फक्त ९६ घरांसमोर रक्कम होती. उरलेल्या १४४ चौकटी कोऱ्या.

कोऱ्या म्हणजे तरी किती, हेही एका झटक्यात कळलं नव्हतं. आधी शीटलाच विचारलं:

```
=COUNTBLANK(L2:L241)
=COUNTA(L2:L241)
```

पहिल्याने १३७ सांगितलं, दुसऱ्याने १०३. बेरीज २४० भरली म्हणून मी पुढे जाणार होते, पण रकमा डोळ्यांनी मोजल्या तर ९६च. मग वरचे सात कोण? चार चौकटींत कुणीतरी स्पेसबार दाबून ठेवला होता आणि तीन चौकटींत छोटी आडवी रेघ होती. डोळ्याला त्या चार चौकटी कोऱ्याच दिसतात, पण शीटच्या हिशोबी त्यांत मजकूर आहे. असे भास पकडायला मी हे सूत्र वापरते, यात नुसती स्पेस असलेली चौकटसुद्धा कोरी म्हणून मोजली जाते:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(L2:L241))=0))
```

याने १४१ सांगितलं. तीन रेघा हाताने शोधल्या, मग १४४ झाले. याच फेरीत मी आकड्यांची टोकंही पाहून घेते, कारण काही जण ‘माहीत नाही’साठी ९९ किंवा ९९९ लिहितात आणि तो आकडा निमूटपणे सरासरीत जाऊन बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या मोठ्या कामात ‘माहीत नाही’ला ठरलेला सांकेतिक आकडा असतो आणि तो कुठे वापरलाय हे लिहून ठेवलेलं असतं. आमच्या शीटमध्ये वयाच्या रकान्यात एके ठिकाणी ९९ होतं. फॉर्म काढून पाहिला. आजी खरंच नव्याण्णव वर्षांच्या होत्या, मुलीने समासात ‘सुनेने सांगितलं’ असंही लिहिलं होतं.

आता ते ८५० आणि ३४०. `AVERAGE` कोरी चौकट मोजतच नाही. ९६ घरांनी मिळून ८१,६०० रुपये सांगितले होते, भागिले ९६ म्हणजे ८५०. तेच ८१,६०० भागिले २४० केले की ३४०. पहिल्या आकड्याचा खरा अर्थ ‘ज्यांनी पाणी विकत घेतलं आणि रक्कमही सांगितली, त्यांची सरासरी’ असा आहे, आणि हे लांबलचक वाक्य ग्रामसभेत पोचेपर्यंत ‘घरटी ८५०’ होऊन जातं. दुसऱ्या आकड्यात तर प्रत्येक गप्प घराला पाणी फुकट मिळतं असं आपणच ठरवून टाकतो. आणि शून्य भरणं दर वेळी मुद्दाम केलेलं असतंच असं नाही. तुम्ही दोन रकान्यांची बेरीज किंवा गुणाकार करणारं सूत्र लिहिलंत, की शीट कोऱ्या चौकटीला स्वतःच शून्य धरतं. सरासरी करताना वगळायचं आणि बेरीज करताना शून्य धरायचं, अशी एकाच शीटची दोन वागणी आहेत. म्हणून कोऱ्या चौकटीचं काय करायचं हे शीटवर सोडायचं नाही, ते आपण ठरवायचं.

ठरवायचं तर आधी ती कोरी का राहिली हे हवं. मी मूळ शीटची प्रत काढते, मूळ शीटला हात लावत नाही, आणि प्रतीत त्या रकान्याशेजारी ‘कारण’ नावाचा नवा रकाना घालते. त्यात पाचच शब्दप्रयोग चालतात: लागू नाही, माहीत नाही, सांगितलं नाही, विचारलं नाही, नोंदवायचं राहिलं. मूळ चौकट कोरीच राहते. तिच्यात मी काही भरलं, तर दोन महिन्यांनी मलाही आठवणार नाही की कुठलं उत्तर लोकांचं आणि कुठलं माझं.

१४४ पैकी ८४ चौकटींचं कारण शेजारीच होतं. अकराव्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर होतं, पाणी घेतलंच नाही तर रक्कम कसली लिहिणार. हे ‘लागू नाही’. असल्या चौकटींना अपुरी माहिती म्हणणं चूक आहे, त्या घरांनी आपलं उत्तर पूर्ण दिलेलं आहे. गंमत म्हणजे आणि तीही गंभीरपणे घ्यावी अशी, याच चौकटींत शून्य लिहिणं काही वेळा बरोबर असतं. गावातल्या सगळ्या घरांवर पाण्याचा किती बोजा पडतो हा प्रश्न असेल तर या ८४ घरांचा खर्च खरोखर शून्य आहे. विकत घेणाऱ्याला किती पडतं हा प्रश्न असेल, तर ती घरं त्या हिशोबात येतच नाहीत.

उरल्या साठ. त्यांतल्या अठरा घरांत अकरावा प्रश्नही कोरा होता. हे फॉर्म मी गठ्ठ्यांतून बाहेर काढले, तेव्हा त्यांतले अकरा एकाच मुलाच्या हातचे निघाले. त्याच्या गठ्ठ्यात एकूण ३१ फॉर्म. वीस ‘होय’, अकरा कोरे, आणि ‘नाही’ एकही नाही. बाकीच्या सगळ्यांच्या मिळून २०९ फॉर्मांत ‘नाही’ होते ८४, म्हणजे दर पाच घरांत दोन. त्याच्याच वाट्याला ‘नाही’ म्हणणारं एकही घर आलं नसेल, हे पटण्यासारखं नव्हतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, नाही म्हणाले की मी टिक न करता पुढच्या प्रश्नावर जायचो. होय असेल तरच टिक.” त्या मुलाने कामात कुचराई केली नव्हती, टिक कुठे करायची हे त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. अकरा घरांसमोर ‘नाही, भरणाऱ्याकडून खात्री केली’ अशी नोंद केली. कोऱ्या चौकटी मोजताना ‘कोणत्या घरात’ याबरोबर ‘कोणी भरलं’ हा रकाना शीटमध्ये असलाच पाहिजे, असा माझा आग्रह या अशा फॉर्मांमुळेच आहे. तो रकाना नसता तर हे अकरा फॉर्म अठरांत विरघळून गेले असते.

राहिली सात घरं. कुठे मध्येच पाहुणे आले, कुठे बाईंनी हात जोडून ‘पुरे आता’ म्हटलं. त्यांचं उत्तर आपल्याकडे नाही आणि येणारही नाही. पण अकराव्या प्रश्नापुरतं त्यांच्यावाचून अडत नाही, आणि ते असं तपासता येतं. आता हिशोब झाला होता होय १३८, नाही ९५, कोरे ७. सातही घरं ‘नाही’ धरली तर पाणी विकत घेणारी घरं साडेसत्तावन्न टक्के. सातही ‘होय’ धरली तर साठ टक्क्यांच्या किंचित वर. दोन्ही टोकांना ‘निम्म्याहून जास्त घरांनी पाणी विकत घेतलं’ हे वाक्य टिकतं. सात घरांनी काहीही उत्तर दिलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. असं वाक्य मी निर्धास्तपणे लिहिते, आणि ‘२४० पैकी ७ घरांचं उत्तर नाही’ हे त्याच ओळीत लिहिते. तळटीप कुणी मोठ्याने वाचत नाही.

इथे एक बाजूची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या यादीत घरं होती २६४. चोवीस दारांना कुलूप होतं. त्या घरांच्या कोऱ्या चौकटीसुद्धा शीटमध्ये नाहीत, त्यांची ओळच नाही. म्हणून मी ‘गावातली साठ टक्के घरं’ असं लिहीत नाही, ‘भेट झालेल्या २४० घरांपैकी’ असंच लिहिते.

आता मुख्य गाठ. १३८ घरांनी पाणी घेतलं होतं, रक्कम होती ९६ घरांची, म्हणजे ४२ घरांनी ‘होय’ म्हणून रकमेची चौकट मोकळी ठेवली होती. तीस टक्के. एवढ्या कोऱ्या चौकटी चालतील का, असं मला नेहमी विचारलं जातं. पाच टक्क्यांपर्यंत चालतं, दहापर्यंत चालतं, असे अंदाज लोक सांगतात. मला ते उपयोगी वाटत नाहीत. तीस टक्के कोरे सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर निभावतं, आणि पाच टक्के एकाच कोपऱ्यात साचले असतील तर त्या कोपऱ्याबद्दल आपण काहीच बोलू शकत नाही. टक्केवारीआधी त्या चौकटी कुठे आहेत हे पाहावं लागतं. मी त्या ठिकाणवार मोजल्या:

```
=SUMPRODUCT((C2:C241="वस्ती")*(K2:K241="होय")*(1-ISNUMBER(L2:L241)))
```

गावठाणात पाणी घेणारी ७० घरं, त्यांत रक्कम कोरी ८. मधल्या वाडीत ३६ घरं, कोरी ६. आणि डोंगराच्या बाजूला जी लांबची वस्ती आहे तिथे ३२ घरं, कोरी २८.

हे तीन आकडे एकाखाली एक आले तेव्हा मी बराच वेळ थांबले. गावात पाण्यासाठी सगळ्यात लांब जाणारी माणसं त्या वस्तीवरची आणि रकमेच्या रकान्यात सगळ्यात गप्पही तीच. ८५० च्या सरासरीत त्यांची घरं होती फक्त चार.

इथे बहुतेक जण सरासरी भरून मोकळे होतात. कोऱ्या चौकटीत ८५० टाकायचे, शीट भरलेलं दिसतं, एकूण सरासरीही हलत नाही. हे इथे करून पाहिलं तर काय होतं ते सांगते. रक्कम सांगणाऱ्यांत गावठाणाची सरासरी ८०० होती, मधल्या वाडीची ९००, आणि वस्तीवरच्या त्या चार घरांची १,२५०. वस्तीच्या २८ चौकटींत ८५० भरले की वस्तीची सरासरी बरोबर ९०० येते, थेट मधल्या वाडीइतकी. म्हणजे भरलेलं शीट वाचणाऱ्याला असं दिसेल, की वस्ती आणि वाडी यांत काही फरक नाही. वस्तीचा प्रश्न कुणी न पुसता पुसला गेला. मग वस्तीची स्वतःची सरासरी, १,२५०, त्या २८ घरांत भरावी का? त्यात चार घरं बत्तीस घरांच्या वतीने बोलणार, आणि ही चारच का बोलली हे आपल्याला माहीत नाही. कदाचित ती रोख देऊ शकणारी असतील.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या गोष्टीची मांडणी केली, ती आजही वापरतात. तिचा गाभा साध्या मराठीत असा की कोरी चौकट तीन तऱ्हांनी कोरी राहते. निव्वळ योगायोगाने, जसं एखादं पान भिजलं. किंवा आपल्याला दिसणाऱ्या दुसऱ्या कशामुळे, जसं म्हाताऱ्या माणसांनी जास्त वेळा उत्तर टाळलं, आणि वय आपल्याकडे नोंदलेलं आहे. तिसरी तऱ्हा म्हणजे जे उत्तर मिळालं नाही त्या उत्तरामुळेच ते मिळालं नाही, जसं कर्ज जास्त म्हणून कर्जाची रक्कम सांगितली नाही. दुसऱ्या तऱ्हेत हिशोबाने बरंच सावरता येतं. तिसरी मात्र शीटकडे कितीही वेळ पाहून ओळखता येत नाही, कारण ओळखायला जे हवं तेच तिथे नसतं. त्यासाठी जिथे चौकट कोरी राहिली तिथे जावं लागतं.

जायच्या आधी मी तीच टोकांची परीक्षा रकमेलाही लावली. सगळ्या फॉर्मांत मिळून सांगितलेली कमीत कमी रक्कम ३०० होती, जास्तीत जास्त २,०००. गावठाणातल्या आठ कोऱ्या घरांना प्रत्येकी ३०० धरले तर तिथली सरासरी ७४३ येते, प्रत्येकी २,००० धरले तर ९३७. ‘गावठाणात पाणी घेणाऱ्या घराला महिन्याला साडेसातशे ते साडेनऊशेच्या आसपास पडतं’ एवढं म्हणता येतं. वस्तीला हेच केलं तर एक टोक ४१९ आणि दुसरं १,९०६. ४१९ खरं असेल तर वस्तीला पाणी सगळ्यात स्वस्त पडतं. १,९०६ खरं असेल तर गावठाणाच्या दुप्पट. टँकरची जादा खेप कुठे जावी याचं उत्तर या दोन टोकांत उलटसुलट होतं. आणि २,००० ही टोकाची रक्कमसुद्धा ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातली, गप्प राहिलेल्यांची याहून जास्त नसेल याची हमी कुठे आहे?

निर्णय दोन टोकांना दोन दिशांना जात असेल, तर माहिती अपुरी आहे असं म्हणायचं, मी इथवर येऊन थांबते. मग टक्के किती हे विचारायची गरज उरत नाही.

सरपंचबाईंना मी सांगितलं, की वस्तीच्या खर्चाचा आकडा देता येणार नाही आणि म्हणून गावाचा मिळून एक आकडाही देता येणार नाही. त्या नाराज झाल्या, आणि त्यांचं म्हणणं मला समजत होतं. “आकडा नाही म्हटलं की सभेत वस्तीचं नावच निघणार नाही मॅडम. ज्यांचा आकडा आहे तेच बोलतील.” हे खरं आहे. म्हणून पानावर वस्तीची जागा मोकळी सोडायची नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. तिथे हे लिहिलं: ‘वस्तीवरच्या ३२ घरांनी पाणी विकत घेतल्याचं सांगितलं. त्यांपैकी २८ घरांची रक्कम आमच्याकडे नाही, त्यामुळे त्यांचा खर्च कमी की जास्त हे या सर्व्हेवरून सांगता येत नाही. रक्कम सांगणाऱ्या चार घरांचा खर्च गावठाणाहून जास्त आहे. पुन्हा विचारणा चालू आहे.’ ही चारही वाक्यं सभेत वाचायचीच, एकही गाळायचं नाही, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आणि त्यांनी तो पाळला.

सभेच्या आधी चार दिवस हाताशी होते. दोन मुलींना घेऊन मी वस्तीवर गेले. पहिल्याच घरी उलगडा झाला. तिथे महिन्याला रक्कम देतच नाहीत. पाच-सहा घरं मिळून छोटा टँकर बोलावतात, ज्याच्या त्याच्या दारातल्या दोनशे लिटरच्या बॅरलात पाणी पडतं आणि हिशोब उधारीवर राहतो. आमचा प्रश्न ‘गेल्या महिन्यात किती रुपये खर्च झाला’ असा होता. त्या महिन्यात त्यांच्या हातून एक रुपयाही गेला नव्हता, तरी शून्य म्हणणं त्यांना खोटं वाटलं. म्हणून बायका गप्प राहिल्या आणि मुलांनी चौकट कोरी ठेवली. दोघांनीही बरोबरच केलं होतं. प्रश्नच त्यांच्या व्यवहाराला लागू पडत नव्हता.

एका मावशींनी आम्हाला घराच्या मागच्या भिंतीशी नेलं. मातीच्या सारवणावर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून ओढलेल्या. “एक रेघ म्हणजे एक बॅरल,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वहीवर भरवसा नाही, म्हणून मी इथं मांडते.” मुलीने मोजल्या. गेल्या महिन्याच्या तेवीस.

मी बॅरलचा भाव विचारला.

“भाव कुठं सांगतोय तो? पाऊस पडला की हिशोब करू म्हणतोय.”

त्या संध्याकाळी शीटमध्ये नवा रकाना घातला, ‘बॅरल, गेल्या महिन्यात’. मावशींच्या ओळीत २३ लिहिले. रुपयांची चौकट तशीच कोरी ठेवली आणि तिच्या शेजारी कारण लिहिलं: माहीत नाही, भाव अजून ठरलेला नाही.